गुऱ्हाळाचा प्रकल्प: दरवर्षीचा भाव सुटा धरू नका

शिरोळकडच्या गुऱ्हाळासाठी तुम्ही केलेला पाच वर्षांचा तक्ता मी पाहिला. गुळाचा भाव क्विंटलला सरासरी 4200 रुपये आणि प्रमाण विचलन 400 रुपये, ही गृहीतके चालतील. मात्र प्रत्येक वर्षाच्या रकान्यात तुम्ही स्वतंत्र `RAND()` घातल्यामुळे एका वर्षाची मंदी दुसऱ्या वर्षाच्या तेजीत आपोआप भरून निघते. त्यामुळे पाच वर्षांच्या सरासरी भावाचे विचलन 400 वरून सुमारे 180 वर येते आणि प्रकल्प आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसतो. प्रत्यक्षात पडलेला भाव पुढच्या हंगामातही रेंगाळू शकतो, म्हणून मागच्या वर्षाचा धागा पुढे न्यावा:

```
B2: =NORM.INV(RAND(),4200,400)
C2: =4200+0.6*(B2-4200)+NORM.INV(RAND(),0,320)
```

`C2` उजवीकडे ओढा. येथे 320 मुद्दाम घेतले आहे, कारण त्यामुळे प्रत्येक वर्षाचे विचलन 400 च राहते, पण सरासरीचे सुमारे 290 होते. 0.6 हा माझा अंदाज आहे. तो बाजार समितीच्या जुन्या भावांवरून तपासून घ्यावा.

मग डाव्या रकान्यात 1 ते 1000 आकडे, उजव्या रकान्याच्या माथ्यावर निव्वळ वर्तमान मूल्याचा संदर्भ आणि डेटा टेबलच्या कॉलम इनपुटला एखादा रिकामा सेल द्या. निकालांवर `PERCENTILE.INC` ने 0.1 आणि 0.9 काढा. परताव्याचा दर मोजताना `#NUM!` आलेल्या ओळी मात्र गाळू नका. त्या बहुधा मोठ्या तोट्याच्याच असतात.