भिंगाची पॉवर वाढवण्याआधी अंतर आणि उजेड पाहा

प्रश्न: आईला मॅक्युलर डिजनरेशन आहे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होऊन मधलं दिसणं कमी झालंय. मोठं भिंग आणलं तरी तिला पेपर वाचता येत नाही. जास्त पॉवरचं घ्यावं का?

उत्तर: इतक्यात नको. बहुतेक वेळा भिंग चुकीच्या अंतरावर धरलेलं असतं. १०० ला भिंगाच्या डायॉप्टरने, म्हणजे त्याच्या पॉवरच्या आकड्याने, भागा. येतील तितके सेंटीमीटर ते कागदापासून दूर हवं. म्हणजे १२ डायॉप्टरचं साधारण ८ सेंटीमीटरवर, २० चं फक्त ५ वर. मग डोळा भिंगाच्या जवळ न्यायचा. त्याने अक्षर मोठं होत नाही, पण एका वेळी जास्त शब्द दिसतात. अशा वेळी बायफोकलच्या खालच्या भागातून नाही, वरच्या भागातून पाहायचं.

पॉवरचा अंदाज असा: २५ सेंटीमीटरवरून तिला पेपरच्या अक्षरापेक्षा तिप्पट मोठं अक्षर वाचता आलं, तर तिप्पट मोठं दाखवणारं, म्हणजे सुमारे १२ डायॉप्टरचं भिंग लागेल. पॉवर वाढली की काच लहान होते आणि ओळ हरवते, म्हणून गरजेपेक्षा जास्त नको. हात थरथरत असेल तर कागदावर टेकवायचं स्टँडचं भिंग बरं.

दिवा छतावरचा पुरत नाही. टेबललॅम्प ६० सेंटीमीटरवरून ३० वर आणला की कागदावर जवळपास चौपट उजेड पडतो. तो बाजूने, डोळ्यांच्या पातळीखाली ठेवा, नाहीतर चमक येते.

दुर्बिणीचा चष्मा टीव्हीसाठी, तोही बसूनच. तो लावून चालू देऊ नका. दिसण्याचा पट्टा अरुंद होतो आणि वस्तू जवळ भासतात.

सरळ रेषा अचानक वाकड्या दिसू लागल्या तर मात्र भिंगाचा विचार सोडा, लगेच रेटिनाच्या डॉक्टरांना दाखवा.