उरलेल्या खर्चाचा अंदाज तपासताना

प्रश्न: बांधकाम कंत्राटात कंपनीने दिलेला उरलेल्या खर्चाचा अंदाज योग्य आहे हे ऑडिटरने कसं ठरवायचं?

आधी मागच्या वर्षीचा अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी ठेवा. एकूण अंदाज दरवर्षी वाढतच गेला असेल, तर यंदाचा आकडाही बहुधा कमीच धरलेला असतो.

समजा कंत्राट १०० कोटींचं, झालेला खर्च ४०, उरलेला ४० दाखवलाय. म्हणजे काम ५० टक्के, महसूल ५० कोटी, नफा १०. उरलेला खर्च खरा ६० निघाला, तर काम ४० टक्केच आणि नफा शून्य! म्हणून साइट इंजिनिअरकडून शिल्लक कामाची मोजमापं घ्या आणि त्यांना ताज्या खरेदी ऑर्डरचे दर लावून पाहा.

साइटवर जाच. लिफ्टसारखी महागडी सामग्री नुसती आणून ठेवली असेल, बसवलेली नसेल आणि तिचा खर्च प्रगतीत धरला असेल, तर टक्केवारी फुगते.