आज्जीचं चैत्रांगण आणि आमच्या ऑफिसचा ग्रुप

प्रश्न: परदेशात राहून घरच्या सणाचा फोटो तिथल्या लोकांना कधी पाठवलाय का? काय रिस्पॉन्स आला?

पाठवलाय की. चैत्रगौरीच्या वेळचा, आमच्या आज्जीनं काढलेल्या चैत्रांगणाचा. मी जर्मनीत श्टुटगार्टला असतो, घर बेळगावात शहापूरला, आणि फोटो टाकला तो ऑफिसच्या ग्रुपवर, जिथं एरवी कॉफीचं मशीन बंद पडलंय नाहीतर कुणीतरी सायकल आडवी लावलीय असलेच मेसेज असतात. रिस्पॉन्स एकदम भारी. किती सुंदर, तुझ्या आजीला आमचा नमस्कार सांग, हे सगळं हातानं काढलंय का, आजीचं वय काय, आणि खाली बदामांची रांग. आमचा टीम लीड, जो कधी हसताना दिसत नाही, त्यानं पण अंगठा दिला.

संध्याकाळी इथले साडेपाच म्हणजे तिकडे नऊ, आज्जी जेवून बसलेली असते, तेव्हा व्हिडिओ कॉल लावून सगळं वाचून दाखवलं. ती खूश झाली, नाही असं नाही. पण लगेच विचारलंन, "कासव दिसलं का रे त्यांना?" मी म्हटलं आज्जी, सगळ्यांनाच आवडलं. "ते कळलं रे बाळ, पण कासव दिसलं का? आणि पाळण्याची डावी साखळी लांब झालीय, ते कुणी बोललं नाही?"

कुणीच बोललं नव्हतं. कारण कासव काय, निम्मी रांगोळी कुणाला दिसलीच नव्हती, हे मला नंतर कळलं.

ज्यांच्या घरी हे नसतं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि अक्षय्य तृतीयेला उठते, म्हणजे महिनाभर ती माहेरपणाला आलेली असते, झोपाळ्यावर बसवून तिचे लाड करायचे. कैरी घालून वाटली डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे आणि दारात हे चैत्रांगण. ठिपक्यांच्या रांगोळीत नक्षी पुन्हा पुन्हा तीच येते, पण चैत्रांगणात प्रत्येक चित्र वेगळं असतं आणि त्याची जागा पण साधारण ठरलेली असते. वर आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली मखर, मखरात झोपाळा आणि त्यावर गौर. वरच्या दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र. मग शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, त्रिशूळ, बेलाचं पान, तुळशीवृंदावन, कलश, गोपद्मं, लक्ष्मीची पावलं. खाली हत्ती, मोर, नाग, कासव, गाय-वासरू, आणि गौर बाईमाणूस म्हणून तिची फणी, आरसा, करंडा. चिन्हं किती यावर दरवर्षी आमच्याकडे हळदीकुंकवाला वाद होतो, कुणी ५१ म्हणतं कुणी ६४. आज्जी म्हणते जागा असेल तितकी.

आता ती काढते कशी, कारण ग्रुपवर "हे सगळं हातानं?" विचारलेलं त्याचं खरं उत्तर यात आहे. आमचं घर जुनं आहे, पुढं सोपा आहे आणि सोप्यात शहाबादी फरशी. अंगणात ती मोठी रांगोळी काढत नाही कारण आमच्याकडे एप्रिलात दुपारनंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही, आला की पाच मिनिटांत मखरासकट गौर गटारात. म्हणून सोप्यात. आदल्या रात्री फरशी धुऊन तिच्यावर गेरूचा पातळ हात देते, जुन्या सुती फडक्यानं, एकाच दिशेनं, आणि रात्रभर वाळू देते. वाळू देणं महत्त्वाचं, ओल्या गेरूवर पूड टाकली की ती पाणी पिते आणि रेघ करडी पडते, वाळल्यावर थोडी उजळते पण काठ खराब झालेला असतो. नुसत्या गुळगुळीत फरशीवर काढलं तर उलटं होतं, कण घसरतात आणि रेघ पसरते. गेरूचा खरखरीतपणा त्यांना धरून ठेवतो.

रांगोळी म्हणजे ती दगडाची पांढरी पूड, शिरगोळ्याची, बाजारात मापानं मिळते. ती तशीच वापरत नाही आज्जी. उन्हात टाकते, चाळते, मग त्यात चाळलेली बारीक वाळू मिसळते, चार मुठींना एक मूठ असा तिचा हिशोब. नुसती बारीक पूड घामाच्या बोटांत चिकटते आणि मग एकदम ढेकूळ पडतं, वाळू असली की सुटी पडते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची आणि अंगठा हळू घासत सोडायची, हात जमिनीला टेकवायचा नाही. हात खाली आणि चाल वेगात तर रेघ बारीक, हात वर आणि चाल सावकाश तर रेघ जाड. झोपाळ्याच्या साखळ्या, मोराचा पिसारा, फणीचे दाते हे सगळं पहिल्या पद्धतीनं, मखराचे खांब दुसऱ्या. सुरुवात वरच्या तोरणापासून आणि मग मागं मागं सरकत खाली, नाहीतर आपल्याच पदरानं पुसलं जातं. गुडघ्यांमुळे आता उकिडवं बसवत नाही, बुटकं स्टूल घेते आणि ते सरकवायला माझी चुलत बहीण असते, तिला त्या दिवशी दुसरं काही करता येत नाही. कासव अगदी शेवटी, उजव्या कोपऱ्यात, तळहाताएवढं, पाठीवर जाळी काढलेलं. का माहीत नाही, पण आज्जीचा सगळा जीव त्या जाळीत असतो.

रंग भरत नाही. हळद-कुंकवाची चिमूट तेवढी टाकते प्रत्येक चित्रावर. शेजारच्या कन्नड काकूंच्या घरी पण चैत्रगौर असते, त्यांच्याकडं कोसंबरी आणि पानक, आमच्याकडं डाळ आणि पन्हं, वाट्या इकडून तिकडं जातात. त्या सोप्याच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या की आज्जी आधी "बर्री बर्री" म्हणते आणि मग ओरडून मराठीत, "पाय सांभाळून हो!"

तर एवढं सगळं जवळपास पाच फूट बाय चार फुटात होतं आणि ग्रुपवर गेलं ते मोबाईलच्या स्क्रीनवर बोटाएवढं. त्यात बहिणीनं फोटो काढला दारात उभं राहून, म्हणजे जवळची गाय-वासरं मोठी आणि लांबची गौर, जिच्यासाठी हे सगळं, ती एवढीशी. गेरू गडद, त्यामुळे फोननं आपणहून उजेड वाढवला आणि पांढऱ्या रेघा फुगून एकमेकीत मिसळल्या. वर व्हॉट्सअ‍ॅपनं फोटो दाबून लहान केला, बारीक रेघा त्यात गेल्या. मी झूम करून बघितलं तर कासवाच्या जागी पांढरा डाग होता, बटाट्यासारखा. लोकांनी "किती सुंदर" म्हटलं ते मनापासूनच म्हटलं असणार, लांबून ते सुंदर दिसतंच, पण त्यापलीकडं बोलायला त्यांना फोटोत काही सापडलंच नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोरांनी पाय द्यायच्या आत, बहिणीला माळ्याच्या शिडीवर चढवलं. वरून सरळ खाली, म्हणजे चौकोन चौकोनच राहतो. ट्यूबलाइट बंद, दार उघडं, सकाळचं तिरकं ऊन आत येतं त्यात रेघेला बारीक सावली पडते आणि उठाव दिसतो. स्क्रीनवर पांढऱ्या रेघेवर बोट दाबून धरायचं आणि खाली ओढून उजेड कमी करायचा, गेरू काळपट होईपर्यंत. एक पूर्ण फोटो, मग जवळून चार तुकड्यांत चार, आणि कासवाचा वेगळा, तो आज्जीच्या हुकमानं. पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे दाबला जात नाही. कासवाची जाळी मोजता येईल इतकी स्वच्छ आली.

ते सगळे मी ग्रुपवर टाकले, प्रत्येकाखाली एक ओळ, हा झोपाळा, ही फणी, हे कासव. ह्या वेळी बदाम खरं सांगायचं तर कमी आले. लोकांना एका सणाचे सहा फोटो म्हणजे जरा जास्तच होत असणार, मलाही कुणी त्यांच्या नाताळच्या झाडाचे सहा फोटो पाठवले तर मी पहिल्यालाच अंगठा देऊन मोकळा होईन. पण टेस्टिंगमधली एक तमिळ मुलगी आहे, तिनं वेगळा मेसेज करून विचारलं, ठिपके किती बाय किती, मला दिसत नाहीयेत. तिच्याकडं कोलम ठिपक्यांवर काढतात, आधी ठिपके मांडायचे आणि मग रेघ त्यांच्याभोवतीनं न तुटता फिरवायची.

मी आज्जीला विचारलं. "ठिपके कशाला? कासवाला कुठं ठिपके घालून बसू?" मग थोडं थांबून, "तिला म्हणावं तिच्या आईचं पाठव की बघू."

तिनं आईचा व्हिडिओ पाठवला, पहाटे दारात तांदळाच्या पिठानं कोलम घालतानाचा. आज्जीनं चष्मा लावून दोनदा बघितला. हात चांगला आहे म्हणाली, रेघ कुठं थांबत नाही, पण पिठाला मुंग्या लागत नाहीत का विचार. मी विचारलं, उत्तर आलं की मुंग्यांनी खावं म्हणूनच पीठ वापरतात.

आज्जीला ते पटलं पण आणि नाही पण. म्हणाली, "चांगलं आहे, पुण्य लागतं. पण सोप्यात मुंग्या झाल्या तर तुझी आई मलाच बाहेर काढंल." मागून आई ओरडली ते मला इथं श्टुटगार्टला ऐकू आलं. आणि पाळण्याची डावी साखळी लांब झालीय हे त्या तमिळ काकूंनी, मुलीकडून निरोप पाठवून, सांगितलंच.