व्हेंटिलेटरवरच्या बाबांचा फोटो

"बाबा न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर होते. परदेशातल्या बहिणीला त्यांची अवस्था कळावी म्हणून मी एक फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. चुलतभावाने तो 'प्रार्थना करा' असं लिहून स्टेटसला लावला. आता बाबा शुद्धीवर आलेत, वॉर्डात आहेत. पण आई माझ्याशी धड बोलत नाही आणि बहीण रोज नवा फोटो मागते. फोटो काढला हेच चुकलं का? आणि यापुढे काढू की नको?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

फोटो काढणं, तो एका माणसाला पाठवणं आणि तो ग्रुपवर टाकणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. घरातली भांडणं बहुतेक वेळा तिसरीवरून होतात आणि खापर मात्र पहिलीवर फुटतं. इथेही तसंच झालं होतं, पण आईच्या रागाचं मूळ त्याहून बारीक होतं.

हा प्रश्न विचारणारा मुलगा सल्ल्यासाठी आला, तेव्हा पहिल्या भेटीत तो फोन पुढे करत होता. फोटो दाखवू नका, त्यात काय काय दिसतं ते शब्दांत सांगा, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, नळी आणि मशीन." मग फोटो मोठा करून कडेकडेने बघायला सांगितलं, तशी यादी वाढत गेली. गाऊन एका खांद्यावरून सरकलेला. मनगट मऊ पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेलं. खाली कोपऱ्यात लघवीची पिशवी. मागे पाटीवर पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. पलीकडच्या खाटेवर दुसऱ्याच कुणाचा तरी अर्धा चेहरा. त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना तर कुणी विचारलंच नव्हतं. फोटो काढणाऱ्याचं सगळं लक्ष आपल्या माणसाकडे असतं, म्हणून बाकीचं त्याला दिसत नाही. बघणाऱ्याला मात्र आधी तेच दिसतं.

पुढच्या भेटीला आई आली. बराच वेळ ती चुलतभावाच्या स्टेटसबद्दलच बोलत होती. मग म्हणाली, "यांची कवळी काढलेली होती हो. माझ्याशिवाय कुणी त्यांना तसं बघितलेलं नाही. आता सगळ्या नातेवाइकांनी बघितलं." श्वासनळीत नळी घालण्याआधी कवळी काढावीच लागते, त्यात दवाखान्याची काही चूक नाही. पण जो माणूस पाहुण्यांची चाहूल लागताच आधी बाथरूममध्ये जाऊन कवळी लावायचा, त्याचं खप्पड तोंड ग्रुपवर फिरलं होतं. मुलाला हे तोवर सुचलंच नव्हतं. तो जन्मभर त्याच घरात राहत होता, तरीही.

रुग्ण स्वतः बोलू शकत नसेल तेव्हा नेमका याच ठिकाणी विचार चुकतो. घरचे स्वतःला विचारतात, "मी त्या जागी असतो तर मला चाललं असतं का?" हा प्रश्न उपयोगाचा नाही, कारण उत्तर स्वतःच्या स्वभावाचं मिळतं. त्यापेक्षा त्या माणसाच्या सवयी आठवाव्यात. तो आजारपण शेजाऱ्यांना सांगायचा की लपवायचा? दाढी न करता दार उघडायचा का? मागच्या आजारात त्याने कुणाला कळवलं आणि कुणाला मुद्दाम कळवलं नाही? या तीन उत्तरांवरून अंदाज बऱ्यापैकी येतो. आणि ती उत्तरं सहसा सगळ्यांत चांगली जोडीदाराला माहीत असतात. आईला आधी विचारलं असतं तर तिने फोटोला नाही म्हटलं असतं असं नाही. "तोंडावरून नको" एवढंच म्हटलं असतं. तसं ती स्वतःच म्हणाली.

बहिणीशी व्हिडिओ कॉलवर वेगळं बोलणं झालं. तिला फोटो का हवा, हे खोदून विचारल्यावर निघालं ते असं: काही वर्षांपूर्वी आजी गेली, तेव्हा तिची परीक्षा चालू म्हणून घरच्यांनी दोन दिवस बातमी दडवली होती. तेव्हापासून "ठीक आहेत" या शब्दांवर तिचा विश्वास राहिलेला नाही. तिला फोटो पुरावा म्हणून हवा होता. पण फोटो या कामाला फारच कच्चा आहे. त्यात सूज दिसते, पण ती औषधांची, सलाइनची की आजाराची हे कळत नाही. नळ्या वाढल्या म्हणजे प्रकृती बिघडली असंही नसतं. घाबरलेला माणूस रात्री एकटा बसून तो फोटो मोठा करून बघत राहतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक मागतो.

त्यावर दोघांनी असं ठरवलं. रोज संध्याकाळी एका ठरलेल्या वेळी मुलगा तिला चार ओळी लिहील. आज डॉक्टर नेमके काय म्हणाले, त्यांच्याच शब्दांत. ऑक्सिजन कालच्यापेक्षा कमी लागतोय की जास्त. बाबांनी काय खाल्लं किंवा ते काय बोलले. आणि उद्या काय होणार आहे. वाईट बातमी असेल तर संध्याकाळची वाट न बघता लगेच फोन करायचा. ही शेवटची अट तिच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची होती. ती मान्य झाल्यावर आठवड्याभरात फोटोची मागणी आपोआप थांबली.

व्हिडिओ कॉल त्यांनी ठेवला, आणि तो फोटोपेक्षा बरा, कारण मागे काही उरत नाही. पण त्यालाही तयारी लागते. कॉल लावण्याआधी, बाबांच्या कानापासून लांब जाऊन, बहिणीला काय दिसणार आहे ते सांगायचं: आवाज घोगरा आहे, वजन उतरलंय, नाकात नळी आहे. नाहीतर तिचा चेहरा पडलेला पहिल्यांदा बाबांनाच दिसतो. मग चष्मा लावायचा, कवळी लावायची, केस विंचरायचे, पांघरूण नीट करायचं आणि फोन डोळ्यांच्या पातळीवर धरायचा. वरून धरलेल्या फोनमध्ये झोपलेला माणूस आहे त्याहून आजारी दिसतो.

आता प्रश्न राहिला बाबांच्या संमतीचा. आयसीयूतून बाहेर आलेल्या रुग्णाला बऱ्याचदा डेलिरियम, म्हणजे आजारपणातला तात्पुरता भ्रम असतो. सकाळी माणूस नीट बोलतो आणि संध्याकाळी भिंतीवर किडे दिसतात म्हणतो. म्हणून औषधाची गुंगी नसताना, वेदना कमी असताना विचारायचं, आणि काही तासांनी पुन्हा तेच विचारायचं. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तर ते धरायचं. "फोटो काढू ना?" असा होकार गृहीत धरणारा प्रश्न नको. फोटो काढायचा का, कुणाला पाठवायचा आणि त्यांनी तो पुढे पाठवलेला चालेल का, अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात. बाबांनी पहिल्या दोन्हींना हो म्हटलं, पण फक्त मुलीसाठी आणि फक्त हाताचा. तिसरीला नाही. पाठवण्याआधी त्यांना फोटो दाखवला तर एकदा त्यांनी तो खोडायला लावला. संमती अशीच असते, फोटो बघितल्यावरही मागे घेता येते. (जखमेचा फोटो डॉक्टरांनी मागितला असेल तर तो वेगळा विषय. दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, चेहरा न घेता काढावा, त्यांनाच पाठवावा आणि काम झालं की पुसावा.)

आधी पसरलेला फोटो आवरण्याचं काम मुलाने एका दुपारी केलं. चुलतभावाला मेसेज न करता फोन केला, कारण लेखी मेसेज आरोपासारखा वाचला जातो. स्टेटस 24 तासांत जातं, पण तोवर कुणी स्क्रीनशॉट काढला असेल तर तो राहतोच. व्हॉट्सअॅपवर पाठवणाऱ्याला आपला मेसेज सगळ्यांसाठी पुसायला साधारण दोन दिवसांची मुदत असते आणि ती टळून गेली होती. ग्रुपच्या अॅडमिनला इतरांचे मेसेज पुसता येतात, म्हणून मामांनाही तसा प्रयत्न करायला सांगितलं. तरीही ज्यांच्या फोनमध्ये फोटो आपोआप गॅलरीत उतरतात, तिथली प्रत तशीच राहू शकते. म्हणून ग्रुपवर एवढंच लिहिलं: "बाबा आता बरे आहेत. तो फोटो त्यांना आवडणार नाही, म्हणून गॅलरीतूनही काढून टाका. चूक माझी, कुणावर राग नाही." लांबलचक खुलासा लिहिला असता तर त्यावरच चर्चा रंगली असती.

मुलगा सगळ्यांत जास्त टाळत होता ती गोष्ट म्हणजे हे बाबांना सांगणं. पण ते घरी जाण्याआधी सांगायलाच हवं होतं. भेटायला आलेला पहिलाच पाहुणा म्हणणार, "तुमचा तो फोटो बघून धसकाच घेतला होता." तिथे कळण्यापेक्षा मुलाकडून कळलेलं बरं. डेलिरियम उतरल्यावर, सकाळी, आई खोलीत असताना त्याने थोडक्यात सांगितलं: काय काढलं, कुणी बघितलं, आता काय पुसलं आहे. बाबा चिडले, मग गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच तो फोटो मागितला.

त्यांना एक गोष्ट आठवत होती: आपल्याला कुणीतरी बांधून कोंडून ठेवलंय आणि घरचे बघत उभे आहेत. आयसीयूतून आलेल्या अनेकांच्या मनात अशा खोट्या पण पक्क्या आठवणी असतात. फोटोत मनगटाची पट्टी दिसत होती आणि ती नळी ओढून काढू नये म्हणून बांधतात, हे नर्सने समजावलं. त्या आठवणीला पहिल्यांदा कारण मिळालं. युरोपातल्या काही आयसीयूंमध्ये रुग्णासाठी रोजची डायरी लिहून ठेवतात आणि कधी कधी तीत फोटोही लावतात, ते याचसाठी. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा डायरीमुळे आघातोत्तर ताण कमी झालेला दिसला. 2019 च्या फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत मात्र तसा फरक आढळला नाही. म्हणजे हा हमखास उपाय नाही, आणि रुग्णाने स्वतः मागितल्याशिवाय असा फोटो त्याच्यापुढे धरू नये.

बाबांनी एक छापील प्रत आपल्या फाइलमध्ये ठेवायला सांगितली. मुलाने फोनमधला फोटो पुसला, कचरापेटीतूनही पुसला, नाहीतर तो तिथे महिना-दोन महिने पडून राहतो. फोटोचा बॅकअप जिथे जातो तिथे 'आठवणी' म्हणून दर वर्षी त्याच तारखेला तो समोर येऊ शकतो, म्हणून त्या आठवड्याच्या तारखा तिथल्या सेटिंगमधून लपवल्या. आईला ती प्रत बघायची नव्हती. बाबांना हवी म्हणून तिनेही बघितली पाहिजे असा आग्रह धरू नका, एवढंच मुलाला सांगितलं आणि फाइल बाबांच्या कपाटात गेली.