रात्रीची लघवी आधी मापून बघ

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझा फोनवरचा प्रश्न नेमका होता. रात्री चारदा लघवीला उठणारे चौसष्ट वर्षांचे आजोबा, दहा वर्षांची शुगर, सोनोग्राफीत प्रोस्टेट थोडी वाढलेली. प्रोस्टेटची गोळी तीन महिने चालू आहे, तरी फरक नाही. आता काय?

आता मोजायचं. पाचशे मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग त्यांना घरी दे. सलग तीन दिवस प्रत्येक वेळी किती वाजता आणि किती लघवी झाली, काय आणि केव्हा प्यायले, कधी झोपले, कधी उठले, एवढं वहीत लिहायला सांग. लिहिता येत नसेल तर नातवंड लिहील. एक गोष्ट सगळे चुकतात, तेवढी सांभाळ: झोपायला जातानाची लघवी दिवसाच्या खात्यात टाक, आणि सकाळी उठल्यावरची पहिली रात्रीच्या. ती रात्रभरच साठलेली असते.

समज, त्यांची वही अशी आली: दिवसभरात १,१०० मिली. रात्री चारदा २५० ते ३०० मिली, म्हणजे साधारण १,१००, आणि सकाळची पहिली ३००. चोवीस तासांत २,५००, त्यातली १,४०० रात्रीची, म्हणजे निम्म्याहून जास्त. वयस्कर माणसात रात्रीचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला, की रात्री लघवी तयारच जास्त होते आहे असं समजायचं. ज्यांची पिशवी प्रत्येक वेळी अडीचशे-तीनशे मिली धरते, त्यांच्या चारदा उठण्याचा मुख्य दोष प्रोस्टेटवर टाकता येत नाही. आपण तो टाकतो, कारण सोनोग्राफीचा कागद समोर असतो आणि पाय कुणी बघत नाही.

म्हणून पाय बघ, तेही संध्याकाळी. घोट्याच्या वर अंगठ्याने दाबलं आणि खड्डा राहिला, तर दिवसभर तिथे उतरलेलं पाणी आडवं पडल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते रात्री बाहेर टाकतात. अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे का ते विचार. बीपीच्या या गोळीने पाय सुजतात. हृदय, मूत्रपिंड आणि यकृत ठीक आहेत ना, हे बघितल्यावरच गोळीकडे बोट दाखव आणि बदलायची झाली तर फिजिशियनला विचारून बदल. दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडले, तर ते पाणी झोपायच्या आधीच निघून जातं. लघवीची गोळी आधीपासून असेल तर ती रात्री न घेता दुपारी. घोरण्याबद्दल मात्र आजींना विचार, आजोबांना स्वतःला पत्ता नसतो. झोपेत श्वास अडकत असेल तर हृदयावर ताण येऊन लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. हे कारण फार वेळा निसटतं.

शुगरचं गणित वेगळं. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढते. अशा माणसाची लघवी रात्रीच नव्हे, दिवसाही वाढलेली दिसते. नुसती उपाशीपोटीची शुगर बघून थांबू नकोस, जेवणानंतरची आणि तीन महिन्यांची सरासरीही बघ. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी साखर मुद्दाम लघवीतून काढते. ती रात्री घेत असतील तर सकाळी घ्यायला सांग. आणि जुन्या शुगरमध्ये पिशवीच्या नसा बधिर होतात, लघवी पूर्ण होत नाही. म्हणून सोनोग्राफीवाल्याला लघवी केल्यानंतर आत किती उरली तेही मोजायला सांग.

काही बायकांची वही उलटी येते. रात्री चारदा, पण प्रत्येक वेळी शंभर मिलीच, आणि घाई अशी की दारापर्यंत धीर धरवत नाही. इथे लघवी जास्त तयार होत नाही, पिशवी धरत नाही. आधी जंतुसंसर्ग तपास. पाळी गेली असेल तर कोरडेपणा विचार, अंग बाहेर येतं का तेही विचार. त्या आपणहून सांगणार नाहीत. आणखी एक, दिवसभर कामाच्या जागी संडास नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायका घरी आल्यावर संध्याकाळी तांब्याचा तांब्या रिकामा करतात. त्यांना पाणी कमी कर म्हणू नकोस, ते सकाळी-दुपारी वळव.

डेस्मोप्रेसिनची घाई करू नकोस. लघवी खरंच कमी होते, पण म्हाताऱ्या माणसात सोडियम घसरून भ्रम होतो, फिट येते. सोडियम न बघता ती लिहायचीच नाही.

आणि लघवीत रक्त, तुंबलेली लघवी, थंडीताप किंवा पायातली ताकद अचानक जाणं, यांतलं काही दिसलं तर वही मागत बसू नकोस, त्याच दिवशी पुढे पाठव.

तुझा,
सर