पुट-कॉल रेशो वाढला म्हणून बिटकॉइन विकू का? आधी सोसायटीची तारीख पहा

"नमस्कार ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातला, कपाशी-तूर आहे. दीड लाखाचं बिटकॉइन घेतलं होतं, आज 2 लाख 40 हजार झालं. सोसायटीचं पीककर्ज 1 लाख 90 हजार 31 मार्चच्या आत भरायचं आहे, कापसाचे पैसे बहिणीच्या लग्नात गेले. आता ग्रुपवर सगळे म्हणतात पुट-कॉल रेशो 0.55 वरून 0.95 झाला, आयव्ही 62 वर गेला, मोठी पडझड येते. काही म्हणतात हाच घ्यायचा टाइम आहे. आज विकू, थांबू, का पुट घेऊन ठेवू? महिना आहे हातात."

भाऊ, विका. सगळं नाही, साधारण 2 लाख 20 हजाराचं, आणि याच आठवड्यात. पण ग्रुपवाले सांगतात त्या कारणासाठी नाही. पडझड येणार का नाही हे त्या दोन आकड्यांतून कळत नाही, ते ज्याला कळलं असं वाटतं तो चुकीचा आकडा वाचतोय.

आधी पुट-कॉल रेशो. पुट म्हणजे ठरलेल्या भावात विकायचा हक्क, कॉल म्हणजे ठरलेल्या भावात घ्यायचा हक्क, या दोघांना मिळून ऑप्शन म्हणतात. पुटचा आकडा भागिले कॉलचा आकडा एवढंच ते गणित आहे. आता आपल्या जिनिंगवाल्याचं उदाहरण घ्या. तुम्ही त्याला थोडे पैसे देऊन म्हटलं की मार्चमध्ये भाव कितीही पडला तरी माझा कापूस 7000 ने घ्यायचा, तर तुम्ही पुट घेतला, तुम्हाला भीती आहे. पण त्याने तो पुट विकला नं! त्याला वाटतं भाव 7000 च्या खाली जात नाही, गेला तरी त्याला त्या भावात माल पाहिजेच आहे. म्हणजे एकाच सौद्यात एक घाबरलेला आणि एक निवांत, आणि रेशोमध्ये मात्र दोघांचा मिळून एकच पुट मोजला जातो. सौदा कोणी पुढे होऊन केला हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणूनच निफ्टीवाले एक च्या वरचा रेशो बघून म्हणतात पुट विकणारे जास्त आहेत, बाजार तेजीत आहे, आणि क्रिप्टोवाले तोच आकडा बघून म्हणतात पुट घेणारे जास्त आहेत, भीती आहे. एकाच आकड्याचे दोन उलटे अर्थ रोज लोक ठामपणे सांगतात, आणि दोन्हीकडचे लोक खोटं बोलत नाहीत, कारण उत्तर आकड्यात नाहीच.

अजून एक गोष्ट, तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट मी मोठा करून पाहिला. त्यावर वर लिहिलंय की हा 24 तासांच्या व्हॉल्यूमचा रेशो आहे, ओपन इंटरेस्टचा नाही. व्हॉल्यूम म्हणजे आज किती सौदे झाले, ओपन इंटरेस्ट म्हणजे आजवरचे किती सौदे उघडे राहिले. एखाद्या मोठ्या पार्टीने एकाच भावाचे भरपूर पुट उचलले की दिवसाचा रेशो झपकन वर जातो आणि उद्या परत खाली येतो. तुमच्या चित्रात अर्ध्याहून जास्त पुट एकाच भावाचे आणि एकाच एक्सपायरीचे, म्हणजे सौदा संपायच्या एकाच तारखेचे दिसतात, ही गर्दीची भीती नाही वाटत मला, एक-दोन मोठ्यांचं काम वाटतं, आणि ते घेतले का विकले तेही आपल्याला दिसत नाही. बिटकॉइनमध्ये एरवी कॉलच जास्त असतात, रेशो बहुतेक वेळ एक च्या खालीच राहतो, म्हणून 0.95 बघून अंगावर काटा येतो. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी डेरिबिट या क्रिप्टो ऑप्शनच्या एक्सचेंजवर मोठी एक्सपायरी असते, आपल्या दुपारी दीड वाजता, त्या वेळी जुने सौदे एकदम निघून जातात आणि ओपन इंटरेस्टचा रेशोही कोणाचं मन न बदलता हलतो. भीती खरंच बघायची असेल तर त्याच एक्सपायरीचा, चालू भावापासून खाली असलेला पुट आणि तेवढाच वर असलेला कॉल, दोघांचा आयव्ही, म्हणजे ऑप्शन किती महाग आहे तो आकडा, शेजारी ठेवून बघा. पुटचा बराच महाग असेल तर लोक खाली जायच्या विम्याला जास्त पैसे मोजायला तयार आहेत, एवढं म्हणता येतं. रेशोपेक्षा हे बरंच बरं.

आता आयव्ही. हा आकडा कोणी मोजत नाही, ऑप्शनचा जो प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, बाजारात चालू आहे त्यावरून उलटं गणित करून काढतात. प्रीमियम महाग झाला की आयव्ही वर. डेरिबिटचा DVOL नावाचा इंडेक्स पुढच्या 30 दिवसांचा हाच आकडा दाखवतो, वर्षाच्या टक्केवारीत. 62 म्हणजे वर्षाला 62 टक्के हालचाल लोक धरून चाललेत, वर का खाली ते त्यात नाही. दिवसाचा अंदाज हवा असेल तर 365 चं वर्गमूळ साधारण 19.1, त्याने भागा, सव्वातीन टक्के येतात. आणि तुमच्या 30 दिवसांसाठी:

```
62 × √(30/365) = 62 × 0.287 ≈ 17.8 टक्के
```

तुमच्या 2 लाख 40 हजारावर 17.8 टक्के म्हणजे जवळपास 43 हजार. तीनातून दोनदा तुमचे पैसे महिन्याने 1 लाख 97 हजार ते 2 लाख 83 हजारांच्या मध्ये असतील आणि सहातून एकदा 1 लाख 97 हजारांच्याही खाली, असं बाजार आज बोलतोय. हा अंदाज आहे बरं, बिटकॉइन गणिताने धरल्यापेक्षा जास्त वेळा टोकाला जातं.

जुनं उदाहरण बघा म्हणजे पटेल. ऑगस्ट 2023 मध्ये बिटकॉइन 29 हजार डॉलरजवळ आठवडेच्या आठवडे झोपलेलं होतं, DVOL विक्रमी तळाजवळ, कोणालाच भीती नव्हती, आणि 17 ऑगस्टला एका दिवसात ते 26 हजारांच्या आसपास आलं. आयव्ही कमी असणं म्हणजे सुरक्षित असणं नाही. उलट जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत बिटकॉइन ईटीएफच्या, म्हणजे शेअरसारख्या घेता येणाऱ्या बिटकॉइन फंडाच्या मंजुरीआधी आयव्ही चढलेला होता, लोक म्हणाले मोठं काहीतरी होणार. 10 जानेवारीला मंजुरी आली, दुसऱ्या दिवशी भाव 49 हजारांना शिवून आला आणि 23 तारखेला 39 हजारांच्याही खाली. चांगली बातमी, आणि घसरण. मोठी हालचाल झाली, पण कोणत्या दिशेला ते आयव्हीने सांगितलं नव्हतं. तिसरं 5 ऑगस्ट 2024, जपानच्या येनमुळे जगभर बाजार पडले, भाव 50 हजारांच्या खाली गेला आणि आयव्ही त्याच्यासोबतच उसळला, आधी नाही, आणि तीन-चार दिवसांत भाव परत 60 हजारांच्या वर. त्या दिवशी आयव्ही बघून विकणाऱ्याने अगदी तळाला विकलं.

मग माझं विका हे कुठून आलं? तुमच्या कर्जातून. क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ 30 टक्के टॅक्स आणि वर 4 टक्के सेस, म्हणजे 31.2 टक्के, शेतकऱ्यालाही तेवढाच, शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं त्याचा इथे काही संबंध नाही. हा टॅक्स कापून हातात 1 लाख 90 हजार उरायचे असतील तर सगळं विकून निदान 2 लाख 8 हजार यायला पाहिजेत. आजच्या 2 लाख 40 वरून ती रेघ साधारण 13 टक्के खाली आहे. आयव्ही 62 धरला तर ती रेघ मोडायची शक्यता चार-पाच वेळातून एकदा. तुम्ही म्हणाल आयव्ही उतरून 40 झाला तर? मग आठातून एकदा. ग्रुपवाल्यांच्या सगळ्या भीतीचा आणि शांततेचा फरक तेवढाच आहे, चार-पाचातून एकदा का आठातून एकदा. आणि सोसायटीचं कर्ज वेळेत न भरायची शक्यता आठातून एकदा असली तरी मला ती नको, कारण वेळेत भरल्यावर 3 लाखांपर्यंत शून्य टक्के पडतं ती सवलत जाते, आणि जूनमध्ये बियाण्याच्या वेळी नवीन कर्ज अडकतं. मग कृषी केंद्रवाल्याकडून उधारीवर बियाणं-खत आणावं लागतं, त्याचा भाव तुम्हाला माहीत आहे.

आज 2 लाख 15 हजाराचं विकलं तर त्याची खरेदी साधारण 1 लाख 34 हजार, नफा 81 हजार, टॅक्स 25 हजार, उरले 1 लाख 90 हजार. एक्सचेंजची फी आणि थोडी जागा म्हणून मी 2 लाख 20 हजार म्हटलं. विकताना 1 टक्का टीडीएस कापला जाईल, तो वेगळा खर्च नाही, टॅक्समध्येच वळता होतो, पण रिटर्न भरायला लागतं. टॅक्सचे 25 हजार हातात आले की ते वेगळ्या खात्यात टाका, घरखर्चाच्या खात्यात ठेवले तर जुलैपर्यंत उरत नाहीत, हे मी दरवर्षी बघते. उरलेलं 20 हजाराचं बिटकॉइन राहू द्या. भाव चढला तर तुम्हाला वाईट वाटेल, मलाही वाटेल, पण त्या चढलेल्या पैशांवर तुमची पेरणी अवलंबून नव्हती.

पुट घ्यायचं म्हणाल तर एक महिन्याचा चालू भावाचा पुट आयव्ही 62 वर किमतीच्या साधारण 7 टक्क्याला पडतो, तुमच्या मालावर जवळपास 17 हजार. आयव्ही 40 असता तर 11 हजार. भीती वाढली की विमा महाग होतो, आणि विमा घ्यायचं सुचतं ते तेव्हाच. शिवाय डेरिबिटवर बिटकॉइनमध्येच हिशोब होणाऱ्या नेहमीच्या ऑप्शनची सगळ्यात लहान ऑर्डर 0.1 बिटकॉइनची, तुमच्याकडे त्याच्याही पेक्षा लहान तुकडा आहे, म्हणजे विमा मालापेक्षा मोठा, मग तो विमा राहत नाही, सट्टा होतो. अजून म्हणजे सगळं शांत राहिलं आणि आयव्ही उतरला तर भाव थोडा पडूनही पुटचे पैसे कमी होतात, नवीन माणसाला हे समजतच नाही की दिशा बरोबर निघाली आणि पैसे कसे गेले. तुम्हाला पुटची गरज नाही भाऊ, तुमचा धोका भावाचा कमी आणि तारखेचा जास्त आहे, आणि तारखेचा धोका विकूनच जातो.

विकल्यावर रुपये बँकेत यायला एक-दोन दिवस लागू शकतात, मधे शनिवार-रविवार आला तर अजून. म्हणून सोमवार-मंगळवारी विका, पैसे खात्यात दिसले की लगेच सोसायटीत जा, पावती घ्या आणि गटसचिवाकडून बेबाकी दाखलाही त्याच दिवशी मागून घ्या, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिथे रांग लागते.