मंडळाने सुचवलेला लाभांश ताळेबंदात का दिसत नाही?

प्रश्न : आमच्या कौटुंबिक प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे वसूल भांडवल १ कोटी आहे. यंदाचा करोत्तर नफा ६० लाख. संचालक मंडळाने २० टक्के लाभांश सुचवला, पण हिशेबात त्याऐवजी गेल्या वर्षीचे १० लाख वजा केले आहेत आणि १५ लाख सर्वसाधारण राखीव निधीत टाकले आहेत. 'कायद्याने टाकावेच लागतात,' असे चुलतभाऊ म्हणतात. आमचा लाभांश बुडाला का?

उत्तर : लाभांश बुडालेला नाही. २०१६ साली लेखा मानक ४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, ताळेबंदाच्या तारखेनंतर जाहीर होणारा लाभांश त्या वर्षाचे देणे म्हणून दाखवता येत नाही. तो फक्त टिपांमध्ये नमूद होतो आणि वार्षिक सर्वसाधारण सभेने मंजूर केल्यावर पुढील वर्षाच्या शिल्लक नफ्यातून वजा होतो. 'राखीव निधी व शिल्लक' ही टीप उघडून पाहावी. आरंभीची शिल्लक ८० लाख धरली, तर त्यात ६० लाख मिळवून १५ व १० लाख वजा जाता अखेरची शिल्लक १ कोटी १५ लाख येते, आणि आपले २० लाख अजून तिच्यातच आहेत.

चुलतभावांचे म्हणणे मात्र कालबाह्य आहे. १९५६ च्या कंपनी कायद्याखालील १९७५ च्या नियमांत अशी सक्ती होती. तेव्हाही २० टक्के लाभांशाला नफ्याचे साडेसात टक्के, म्हणजे येथे साडेचार लाख, पुरेसे होते. २०१३ च्या कायद्याच्या कलम १२३ नुसार किती रक्कम वर्ग करायची, हे कंपनीच्या मर्जीवर आहे.

माझ्या मते खरी हरकत या १५ लाखांवरच घ्यावी. शिल्लक नफ्यातील रक्कम, मागील तोटा व घसारा भरून निघाला असेल तर, पुढे केव्हाही लाभांशासाठी वापरता येते. परंतु ती एकदा राखीव निधीत गेली की, नफा अपुरा असलेल्या वर्षी ती काढताना २०१४ च्या नियमांची बंधने येतात : उचल वसूल भांडवल व मुक्त राखीव निधी यांच्या एकत्रित रकमेच्या एक दशांशाहून अधिक नको, तीतून आधी त्या वर्षाचा तोटा भरून काढायचा, आणि उरलेला राखीव निधी वसूल भांडवलाच्या १५ टक्क्यांखाली जाता कामा नये. लाभांशाच्या दरावरही मागील तीन वर्षांच्या सरासरीची मर्यादा आहे.

म्हणून सभेत हिशेब मंजूर होण्यापूर्वी हे १५ लाख वर्ग करण्याचे कारण विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रह धरावा. कंपनीच्या नियमावलीत नेहमीचे कलम असल्यास सभा सुचवलेला लाभांश कमी करू शकते, वाढवू शकत नाही. तो जाहीर झाल्यावरच कंपनी आपली ऋणको ठरते. त्यानंतर पाच दिवसांत रक्कम स्वतंत्र बँक खात्यात व तीस दिवसांत आपल्या हाती पडली पाहिजे, अन्यथा कलम १२७ नुसार १८ टक्के साधे व्याज मागता येते.